छातीवरच्या रेघांचा घोळ

ऑगस्टमध्ये एका मित्राने फोनवर फोटो पाठवला. कडुनिंबाच्या फांदीवर बसलेला, कबुतराएवढा पक्षी. पाठ तपकिरी, छाती पांढुरकी आणि तिच्यावर गडद तपकिरी उभ्या रेघा. त्याने पुस्तकात शिक्रा पाहिला होता: राखाडी पाठ, पोटावर बारीक तांबूस आडवे पट्टे, लालभडक डोळा. यातले काहीच जुळेना. ‘काहीतरी दुर्मीळ दिसतंय,’ असे त्याने खाली लिहिले होते.

त्याची चूक अगदी नेहमीची होती. पुस्तकातले मोठे चित्र बहुधा प्रौढ नराचे असते आणि आपण फोटो त्याच्याशी ताडून पाहतो. म्हणून ओळख पटवण्याआधी वय ठरवावे. घरट्यातून बाहेर पडताना पिल्लाच्या अंगावर पिसांचा जो पहिला पूर्ण संच असतो, त्याला पक्षीनिरीक्षक ज्युवेनाइल पिसारा म्हणतात. ही सगळी पिसे जवळपास एकाच वेळी उगवलेली असल्यामुळे सारखीच ताजी दिसतात. पाठीवरच्या आणि पंखांवरच्या पिसांना फिकट किंवा तांबूस कडा असतात आणि पाठ खवल्याखवल्यांची वाटते. प्रौढ पक्षी पिसे बदलत असेल तर त्याच्या पंखात झिजलेली जुनी आणि गडद नवी पिसे शेजारी शेजारी दिसतात. मित्राच्या फोटोत पाठीवर तांबूस कडा एकसारख्या होत्या. म्हणजे पक्षी याच वर्षीचा. आता छातीवरच्या रेघा खटकेनात, कारण कोवळ्या शिक्र्याच्या छातीवर अशाच उभ्या रेघा असतात. आडवे पट्टे पिसे बदलल्यावर येतात.

पण इथेच दुसरा चकवा आहे. आपल्या बागांमधून ‘पेरते व्हा’ अशी साद घालणारा पावशा शिक्र्याची हुबेहूब नक्कल करतो. प्रौढ पावशा प्रौढ शिक्र्यासारखा राखाडी आणि पट्टेदार असतो. त्याचे पिल्लू वाढते सातभाईंच्या घरट्यात, पण तेही दिसते कोवळ्या शिक्र्यासारखेच: तपकिरी पाठ आणि छातीवर उभ्या खुणा. पावसाळ्यात दोघांचीही कोवळी पिल्ले झाडांवर दिसू शकतात. तेव्हा नुसत्या रंगाने वय कळेल, जात कळणार नाही.

जातीसाठी वयाप्रमाणे फारसे न बदलणारे अवयव पाहायचे. आधी चोच. शिक्र्याची चोच आखूड, तळापासूनच वळलेली आकडीसारखी, आणि तिच्या मुळाशी पिवळसर मांसल पट्टी. पावशाची चोच सरळसर, टोकाशी किंचित झुकलेली, मुळाशी पट्टी नाही. मग पाय. शिक्र्याचे पाय लांब, पिवळे, नख्या टोकदार. तीन बोटे पुढे आणि एक मागे. पावशाचे पाय आखूड, बहुतेकदा पिसांत दडलेले. बोटे दोन पुढे, दोन मागे. पाय पानाआड गेले असतील तर शेपूट पाहावी. पावशाच्या शेपटीच्या टोकाजवळ रुंद गडद पट्टा आणि अगदी टोकाला फिकट तांबूस किनार असते.

मित्राच्या फोटोत पाय झाकलेले होते, पण चोच बाजूने स्वच्छ दिसत होती: आकडी आणि पिवळी पट्टी. पावशा बाद झाला. तरी एक भाऊबंद उरला, बेसरा. त्याच्याही पिल्लाची छाती रेघाळलेली असते. बेसऱ्याच्या गळ्याच्या मधोमध जाड, ठळक काळी रेघ असते. शिक्र्याच्या गळ्यावर ती बारीक आणि पुसट. बेसऱ्याच्या शेपटीवरचे गडद पट्टेही अधिक रुंद असतात. शिवाय तो दाट जंगलातला पक्षी, गावातल्या कडुनिंबावर क्वचितच भेटणारा. अर्थात, ठिकाण हा पूरक पुरावा. नुसत्या त्याच्यावर निकाल द्यायचा नाही. इथे गळा समोरून दिसत होता आणि रेघ बारीक होती. उत्तर: शिक्रा, याच वर्षीचा.

डोळ्याच्या रंगावर मात्र फार विसंबू नये. कोवळ्या शिक्र्याचा डोळा पिवळसर असतो, तो वयाबरोबर गडद होत जातो आणि नराचा लाल होतो. पण सावलीतल्या किंवा फोनवर उजळवलेल्या फोटोत पिवळा आणि नारिंगी यांतला फरक पुसला जातो. पिसांच्या फिकट कडाही महिन्यागणिक झिजतात, त्यामुळे हिवाळ्यातला कोवळा शिक्रा ऑगस्टमधल्याइतका खवल्यांचा दिसत नाही. पुढे पिसे बदलताना तर छातीवर उभ्या रेघा आणि आडवे पट्टे एकत्र दिसतात. असा फोटो हाती आला तर तिसरी जात शोधत बसू नये. तो वयात येणारा पक्षी असतो.

आणि तो फोटो पाठीमागून, गळा न दिसणारा असता तर? मग ‘शिक्रा किंवा बेसरा, याच वर्षीचा’ एवढेच लिहून थांबायचे. मित्राला हे सांगितल्यावर त्याने ‘दुर्मीळ’ शब्द खोडला आणि फोटोखाली तारीख, गाव आणि ‘शिक्रा, पिल्लू’ असे लिहिले.