निळीला तुरटी लागत नाही

हातमागाच्या वस्त्रांचे प्रदर्शन असो वा वस्तुसंग्रहालयातील मार्गदर्शकाचे निरूपण असो, प्राचीन रंगकामाचा विषय निघाला की पूर्वीचे रंगारी निळीची पाने उकळीत, त्या निळ्या पाण्यात कापड बुडवीत आणि रंग पक्का बसावा म्हणून त्यात मीठ किंवा तुरटी घालीत, हे विधान ठरल्याप्रमाणे कानी पडते. ऐकणारे समाधानाने मान डोलावतात आणि पुढे सरकतात. वस्तुतः या एका विधानात तीन चुका आहेत. पाने उकळून पाणी निळे होत नाही. नीळ पाण्यात कालवली तरी ती तशीच धाग्यात शिरत नाही. आणि शिरली म्हणजे तिला टिकून राहण्यासाठी ना मीठ लागते ना तुरटी.

प्रथम पानाची गोष्ट घेऊ. निळीच्या झुडपाच्या हिरव्या पानात निळा रंग मुळी नसतोच. तेथे असतो इंडिकन नावाचा एक वर्णहीन पदार्थ, ज्यात रंगाचे बीज शर्करेशी जखडलेले असते. पाला पाण्यात बुडवून, वर वजन ठेवून दहाबारा तास आंबू दिला म्हणजे पानातीलच विकर ही जखड सोडवते आणि पाणी हिरवट पिवळे होते. पाला आरंभीच खळाखळा उकळला तर हे विकरच नष्ट होते, आणि उरतो तो केवळ पाल्याचा काढा. आंबलेले पाणी दुसऱ्या हौदात सोडून ते दोनतीन तास काठ्यांनी वा वल्ह्यांनी घुसळीत, आणि पाण्यात हवा खेळली की त्या बीजाचा प्राणवायूशी संयोग होऊन निळे कण तयार होत. ते तळाशी बसले की वरचे पाणी काढून टाकीत, गाळ कढवून कापडावर निथळवीत, आणि त्याच्या वड्या पाडून सावलीत वाळवीत. शंभर शेर हिरव्या पाल्यामागे अर्धा शेर नीळही सहसा हाती लागत नसे, यावरून या जिनसाला एवढे मोल का होते, हे ध्यानी यावे. तेराव्या शतकाच्या अखेरीस कोल्लमची हकीकत सांगणाऱ्या मार्को पोलोनेही वनस्पती मोठ्या पात्रांत पाण्याखाली ठेवून कुजू देण्याची क्रिया नमूद केली आहे.

आता खरी मेख. या रीतीने मिळालेली नीळ पाण्यात विरघळतच नाही. ती वस्त्रगाळ करून पाण्यात कालवली आणि त्यात कापड बुडविले, तर कापडाला गिलाव्यासारखा निळा लेप तेवढा बसेल आणि पहिल्या धुण्यात निघून जाईल. धाग्यात शिरण्यासाठी निळीला आधी आपला निळेपणा सोडावा लागतो. रसायनशास्त्रात या क्रियेला क्षपण म्हणतात. प्राचीन रंगाऱ्यांना तिचे नाव ठाऊक नव्हते, पण ती घडवून आणण्याचे हुन्नर पक्के ठाऊक होते. आपल्याकडे रांजणात निळीबरोबर चुन्याची निवळी, गूळ आणि अनेक ठिकाणी टाकळ्याच्या उकडलेल्या बियांचे पाणी घालून तो रांजण उबेत आंबवीत. आंबवणाऱ्या जिवाणूंमुळे निळीचे क्षपण होते, आणि चुन्याच्या क्षारतेमुळे तिचे ते बदललेले रूप पाण्यात विरघळते. ईजिप्तमध्ये सापडलेल्या आणि सामान्यतः इसवी सनाच्या तिसऱ्या-चौथ्या शतकातल्या मानल्या जाणाऱ्या एका ग्रीक पपायरसात, जो आज स्टॉकहोमचा म्हणून ओळखला जातो, वोड या युरोपीय वनस्पतीसाठी हीच युक्ती सांगितली आहे: उन्हातले पिंप, त्यात मूत्र आणि तीन दिवस पायांनी तुडवणे. वोडमधला रंग रासायनिक दृष्ट्या नीळच होय. आणि मूत्र कुजल्यावर निघणारा अमोनिया तेथे चुन्याचे काम करीत असे. ज्यांना हे वाचून किळस वाटते, त्यांनी तुरटीची स्वच्छ गोष्ट रचली असावी, अशी शंका मला अधूनमधून येते.

रांजण साधला की नाही, हे त्याच्या रंगावरून कळते. वर तांबूस चमकेची साय, कडेला निळा फेस आणि साय बाजूला सारताच आत पिवळट हिरवे पाणी दिसले, तर रांजण तयार झाला. आतले पाणीही निळेच दिसले, तर क्षपण झालेले नाही. त्यात बुडविलेले कापड फक्त मळेल. थंडीत जिवाणू मंदावतात आणि रांजण निजतो. चुना अती झाला तर आंबणेच थांबते, कमी पडला तर रांजण आंबट होऊन विरघळलेली नीळ पुन्हा तळाशी बसते. म्हणून चुना एकदम न ओतता थोडा थोडा घालावा लागे. आधी भिजवून पिळलेले कापड आत हवा न जाईल अशा बेताने पाण्याखाली चालवून बाहेर काढले, की ते पिवळट हिरवे दिसते आणि हवेत पाहता पाहता निळे होते. ज्या प्राणवायूने घुसळणीच्या हौदात नीळ घडविली, तोच येथे तिला धाग्याच्या आत पुन्हा अविद्राव्य करतो आणि पाण्याने ती निघत नाही. गडद छटा हवी असेल तर रांजण दाट करण्यापेक्षा कापड पुनःपुन्हा बुडवून हवेत धरणे हाच राजमार्ग; घाईने एकाच बुडीत गडद केलेली नीळ पृष्ठभागावर साचते आणि पांढऱ्या फडक्याने घासताच त्यावर उतरते. महाराष्ट्रातील निळारी हेच काम परंपरेने करीत आले.

मग तुरटीचे काय? तुरटी खोटी नव्हे, तिची जागा निराळी आहे. मंजिष्ठा किंवा आल यांच्या मुळांतील लाल रंग सुताला धड चिकटत नाही. तुरटीतील ॲल्युमिनियम एका हाताने धागा आणि दुसऱ्या हाताने रंग धरून ठेवते. सुताला आधी हिरड्याचे पाणी देत, कारण त्यातील टॅनिनमुळे तुरटी अधिक धरते. तुरटीच्या जागी लोहाचे पाणी वापरले, तर त्याच मुळाच्या काढ्यातून लालाऐवजी जांभळट ते काळपट छटा निघते. पहिल्या शतकात प्लिनीने ईजिप्तच्या रंगाऱ्यांविषयी लिहिताना याच चमत्काराचे वर्णन केले आहे: कापडावर रंग न लावता औषधे लावतात, तेव्हा काहीच दिसत नाही, आणि एकाच कढईतून ते कापड अनेक रंगांनी बाहेर येते. मोहेंजोदडो येथे चांदीच्या भांड्याला चिकटून राहिलेल्या सुती कापडाच्या तुकड्यावर मंजिष्ठेच्या जातीचा रंग असल्याचा निष्कर्ष तपासणीत निघाला, तेव्हा ही विद्या किती जुनी हे वेगळे सांगावयास नको. मिठाची कथा मात्र बाजारात पुड्यांतून मिळणाऱ्या कृत्रिम रंगांवरून उलटी मागे नेलेली दिसते. त्यांना मीठ खरोखरच लागते.

उरलेल्या गैरसमजांचा निकाल थोडक्यात लावता येतो. नीळ इंग्रजांनी आणली म्हणावे, तर पहिल्या शतकातील पेरिप्लस या ग्रीक ग्रंथात सिंधूच्या मुखावरील बंदरातून ती निर्यात होत असल्याची नोंद आहे. वनस्पतीचे सारे रंग टिकाऊ, हेही खरे नाही. हळद आणि करडईचा कुसुंबा उन्हात लवकर उडतात. हिरवा रंग पानांतून काढीत, हीही समजूतच. पानांचा हिरवेपणा कापडावर टिकत नाही, म्हणून आधी निळीत बुडवून मग पिवळा रंग चढवीत.

तेव्हा प्रदर्शनांच्या पाट्या लिहिणाऱ्यांना एवढीच विनंती, की निळीच्या पाटीवर रांजण, चुना आणि आंबवण यांचा उल्लेख करावा, आणि तुरटी मंजिष्ठेच्या पाटीवर न्यावी.