कॅलेंडरातले कोरे चौकोन

नाशिकच्या एका बँक शाखेत काम करणाऱ्या बाईंचे उदाहरण घेऊ. बाई काल्पनिक, पण असा मार्च महिना बँकेतल्या बहुतेकांनी पाहिलेला आहे. वर्षअखेरीची कामे सुरू झाली, झोप उडाली, घरी मुलावर विनाकारण खेकसणे वाढले. कुणीतरी सुचवले म्हणून त्यांनी फोनवर मनःस्थितीची नोंद ठेवणारे अ‍ॅप घेतले. रोज रात्री पाच चेहऱ्यांपैकी एकावर बोट ठेवायचे, सोबत ‘ऑफिस’, ‘फिरणे’, ‘पाहुणे’ अशी एखादी खूण करायची. अर्ध्या मिनिटाचे काम.

‘डेलिओ’सारखी लोकप्रिय अ‍ॅप साधारण अशीच चालतात. अत्यंत वाईट म्हणजे १ आणि झकास म्हणजे ५, असे धरून ती आलेख काढतात. यातला खरा फायदा रोजच्या रोज नोंद होण्यात आहे. ‘गेला महिना कसा गेला?’ असे विचारले, तर माणूस सगळ्या दिवसांची गोळाबेरीज करत नाही. सर्वांत तीव्र क्षण आणि शेवटचे काही दिवस यांवरून उत्तर देतो. मानसशास्त्रज्ञ डॅनियल कानमन यांच्या प्रयोगांनी स्मरणाची ही खोड चांगली उघड केली. त्या त्या दिवशी केलेली नोंद तिच्यातून बरीचशी सुटते.

आता बाईंचा आलेख पाहू. पहिल्या चौदा दिवसांत त्यांनी एकही नोंद चुकवली नाही, सरासरी ३.५. उरलेल्या सतरा दिवसांत नोंदी झाल्या आठच, त्यांचीही सरासरी ३.५. अ‍ॅपने महिनाअखेरीस सांगितले : मनःस्थिती स्थिर.

मग राहिलेल्या नऊ दिवसांचे काय? त्या दिवशी बाई रात्री अकराला घरी आल्या आणि फोनला हात न लावता झोपल्या. त्या प्रत्येक दिवसाला २ गुण धरले, तर दुसऱ्या टप्प्याची सरासरी ३.५ वरून २.७ वर घसरते. आलेख सपाट दिसला, कारण सगळ्यांत वाईट दिवस त्यात आलेच नाहीत. ताण वाढला की नोंदी आधी गळतात, म्हणून अशा वेळी सरासरी पाहण्याआधी कॅलेंडरातले कोरे चौकोन मोजावेत. ते अचानक वाढले असतील, तर तीही एक नोंदच.

दुसरी फसगत अधिक गोड असते. ‘फिरायला गेलात त्या दिवशी तुम्ही जास्त आनंदी होता’, असे अ‍ॅप सांगते. बाई फिरायला गेल्या चारदा, तेही काम लवकर आटोपले त्या दिवशीच. मग मन हलके झाले ते फिरण्याने की लवकर सुटण्याने? चार दिवसांवरून हे कुणालाच सांगता येणार नाही. अ‍ॅप मात्र रंगीत पट्टी काढून मोकळे होते.

शिवाय आनंद आणि ताण या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. शाखेचे उद्दिष्ट पूर्ण झाल्याच्या आनंदात बाई ४ वर बोट ठेवतील आणि त्याच रात्री दोन वाजेपर्यंत टक्क जाग्या राहतील. ‘हाउ वी फील’ हे अ‍ॅप भावना किती सुखद आहे याबरोबर अंगात किती ऊर्जा आहे हेही विचारते. त्यामुळे आनंदी धावपळ आणि धास्तावलेली धावपळ निदान वेगळ्या कप्प्यांत पडतात. चेहऱ्यांचे अ‍ॅप वापरायचेच असेल, तर झोपायची वेळ, डोकेदुखी, चिडचिड अशा मोजक्या खुणा स्वतः जोडाव्यात. दहा-बारा खुणा जोडणारे आठवड्यातच कंटाळतात. काहींना तर दर तासाला मन चाचपायची सवय लागते आणि त्यानेच बेचैनी वाढते. तसे झाले, तर अ‍ॅप सरळ काढून टाकावे.

या नोंदींतून निदान होत नाही. आयफोनच्या ‘हेल्थ’ अ‍ॅपमध्ये २०२३ पासून मनःस्थितीच्या नोंदीसोबत ‘पीएचक्यू-९’ ही प्रश्नावलीही आहे : मागच्या दोन आठवड्यांबद्दल नऊ प्रश्न, एकूण गुण २७. १० किंवा अधिक गुण आले, तर नैराश्यासाठी नीट तपासणी करून घ्यावी, असा संकेत आहे. आजार आहे की नाही, हे डॉक्टर बोलून, तपासून ठरवतात. शेवटचा प्रश्न स्वतःला इजा करण्याच्या विचारांविषयी असतो. त्याचे उत्तर ‘होय’कडे झुकत असेल, तर एकूण गुण कितीही कमी असोत, थांबू नये. केंद्र सरकारची ‘टेलि-मानस’ सेवा १४४१६ या क्रमांकावर विनामूल्य आहे आणि तिथे मराठीत बोलता येते.

राहिला प्रश्न ही माहिती जाते कुठे याचा. ऑनलाइन समुपदेशन देणाऱ्या ‘बेटरहेल्प’ने ग्राहकांनी विश्वासाने दिलेली माहिती जाहिरातींसाठी फेसबुकसारख्या कंपन्यांना पुरवली, असा ठपका अमेरिकेच्या व्यापार आयोगाने २०२३ मध्ये ठेवला, कंपनीने ७८ लाख डॉलर भरून प्रकरण मिटवले. म्हणून नोंदी फोनमध्येच राहतात की कंपनीच्या सर्व्हरवर जातात, हे अ‍ॅप घेतानाच पाहावे. डॉक्टरांना दाखवायला दोन-तीन आठवड्यांच्या नोंदी सहसा पुरेशा होतात, आणि तेवढ्या तर साध्या वहीतही मावतात.