तण दिसलं कुठे, फवारा पडला कुठे

सिडनी विद्यापीठातल्या संशोधकांनी ‘ओपनवीडलोकेटर’ या यंत्राचा आराखडा 2022 साली सगळ्यांसाठी खुला करून प्रसिद्ध केला. त्यात रास्पबेरी पाय हा छोटा संगणक, कॅमेरा आणि विजेवर उघडणारे व्हॉल्व्ह आहेत. पडीक रानातल्या मातीवर हिरवं दिसलं की ते तण समजायचं आणि तेवढ्यावरच तणनाशक सोडायचं. उभ्या पिकात ही युक्ती पुरत नाही, पण पडीक जमिनीत हिरवं ओळखणं सोपं जातं. असं यंत्र बांधताना खरा कस लागतो तो फवारा नेमका तणावर पाडण्यात.

समजा, कॅमेरा नोझलच्या 60 सेंटिमीटर पुढची जमीन पाहतो आणि यंत्र सेकंदाला 1 मीटर चालतं. फोटो संगणकापर्यंत येऊन त्यातलं तण सापडायला 150 मिलिसेकंद लागले, तर तोवर यंत्र 15 सेंटिमीटर पुढे सरकलेलं असतं. अजून 45 सेंटिमीटर हाताशी आहेत, म्हणजे उशीर झालेला नाही. पण उत्तर मिळालं त्या क्षणापासून 60 सेंटिमीटर मोजायला लागलो, तर फवारा तण ओलांडून 15 सेंटिमीटर पलीकडे पडेल. म्हणून मोजणी फोटो टिपला त्या क्षणापासूनच करावी. रास्पबेरी पायचा कॅमेरा प्रत्येक फोटोबरोबर ही वेळ `SensorTimestamp` या नावाने देतो. त्या क्षणी चाकाच्या एन्कोडरचा, म्हणजे फेरे मोजणाऱ्या सेन्सरचा, आकडा काय होता ते पाहायचं आणि पुढे सेकंद न मोजता अंतर मोजायचं. ढेकळांत यंत्राचा वेग कमी झाला, तरी मग हिशेब चुकत नाही. चाक चिखलात जागच्या जागी फिरलं तर मात्र चुकतो.

उरतो तो व्हॉल्व्ह. हुकूम मिळाल्यावर त्याला उघडायला थोडा वेळ लागतो आणि नोझलमधून सुटलेले थेंब यंत्राच्या वेगाने किंचित पुढे वाहत जातात. दोन्ही मिळून 50 मिलिसेकंद धरले, तर या वेगाला हुकूम 5 सेंटिमीटर आधी द्यावा लागतो. वेग निम्मा झाला तर अडीच.

हे आकडे खरे की नाहीत, ते पाहायला टाकीत साधं पाणी भरावं. जमिनीवर हिरव्या कागदाचा तुकडा ठेवून त्याच्या पुढेमागे पाणी लागताच निळा होणारा पिवळा चाचणी-कागद पसरावा. यंत्र आधी अर्ध्या मीटरच्या आणि मग एक मीटरच्या वेगाने न्यावं. दोन्ही वेळा डाग 4 सेंटिमीटर पलीकडे पडला, तर कॅमेरा आणि नोझल यांच्यातलं अंतर मोजण्यात चूक आहे; टेप पुन्हा लावावी. आधी 3 आणि मग 6 सेंटिमीटर पलीकडे पडला, तर चूक वेळेची आहे: 60 मिलिसेकंद हिशेबात धरायचे राहिलेत. ते 50 मध्ये मिळवले की झालं. आणि एकाच वेगाला डाग कधी अलीकडे, कधी पलीकडे पडत असेल, तर आकडे बदलत बसू नये. आधी फोटोची वेळ कुठून घेतली जाते ते आणि मग चाकाची पकड तपासावी.