ईदच्या तोंडावर बंद झालेले पेज आणि टेलर मास्टरांचे दुसरे पत्र

शिलाईकाम करणाऱ्या आमच्या वाचकांना रमजानचा हिशोब सांगायला नको. ईदचा धंदा रमजानमध्ये नव्हे, शाबानमध्येच ठरतो. मिरजेतील ज्या दुकानाची हकीकत आम्ही येथे देत आहोत, तेथे तीन कारागीर आहेत. एक कारागीर दिवसाला कुर्ता-पायजम्याचे दोन जोड उतरवतो, म्हणजे दुकानाची मजल दिवसाला सहा जोडांची. गिऱ्हाईक उशिरा आले म्हणून मशीन दुप्पट चालत नाही. म्हणून हे मास्टर दरवर्षी बाराव्या रोजाला नोंदणी बंद करतात. नोंदणीच्या दिवसांत एखादा दिवस रिकामा गेला, तर ते सहा जोड गेलेच. ईदनंतर ते कोणी शिवायला टाकत नाही.

या दुकानाची निम्मी गिऱ्हाइके चार वर्षांपासून मोबाईलवरच्या पेजवरून येत होती. दि. २० फेब्रुवारी २०२५ रोजी, म्हणजे रमजानला दहा दिवस उरले असताना, ते पेज सकाळी दिसेनासे झाले. मास्टरांनी तीन दिवसांत कंपनीच्या मदत विभागाला तीन वेळा लिहिले. आम्ही तो मजकूर वाचला आहे. वीस वर्षांचे दुकान, तीन कारागिरांची घरे, सणाचे दिवस, आम्ही कोणाचे काही वाईट केलेले नाही, कृपा करावी, असे सारे त्यात होते. एकही शब्द खोटा नव्हता. पण कोणते पेज, कोणाच्या खात्यावरचे आणि कधी बंद झाले, हेच त्यात नव्हते. तिन्ही वेळा छापील उत्तर आले.

मास्टरांचा समज असा, की पेज दुकानाचे आहे. कंपनीच्या दप्तरात मात्र तसे नसते. पेज हे कोणातरी माणसाच्या खाजगी खात्याला टांगलेले असते. येथे ते पुतण्याच्या खात्याला टांगलेले होते आणि दुसरा व्यवस्थापक नेमलेलाच नव्हता. आदल्या रात्री पुतण्याला कंपनीचे चिन्ह लावलेला एक संदेश आला होता: तुमच्या पेजविरुद्ध तक्रार आहे, २४ तासांत खालील दुव्यावर खात्री करा. त्याने पासवर्ड भरला, ओटीपीही भरला. रात्रीतून त्या खात्यावरून कुठल्याशा परक्या मालाच्या दोन जाहिराती चालल्या. सकाळी यंत्रणेने खाते बंद केले आणि एकमेव खुंटी निघाली तसे पेजही गेले. म्हणजे तक्रार पेजची करून उपयोग नव्हता, आधी खात्याचा प्रश्न सुटायला हवा होता. हा फरक ओळखायचा कसा? नोटीस कोणाच्या नावे आली आहे ते पाहावे. पेजच्या मजकुराबद्दल आक्षेप असेल तर नोटिशीत पेजचे नाव असते. येथे ती पुतण्याच्या नावे, त्याच्या ई-मेलवर आली होती आणि तीन दिवस कोणी ती उघडलीच नव्हती.

सोमवारी, २४ फेब्रुवारीला, नवे पत्र गेले. मूळ इंग्रजीत आहे. त्याचा मराठी मजकूर, नावे व क्रमांक वगळून, असा:

“विषय: खाते चोरीला गेल्यामुळे बंद झालेले दुकानाचे पेज परत मिळण्याबाबत.

मिरज येथील सदर टेलरिंग दुकानाचा मी मालक आहे. पेजचा पत्ता खाली दिला आहे. पेजचा एकमेव व्यवस्थापक माझा पुतण्या असून त्याच्या खात्याशी जोडलेला ई-मेल व मोबाईल क्रमांकही दिला आहे. दि. १९ फेब्रुवारी २०२५ रोजी रात्री सुमारे ११ वाजता त्या खात्यात अनोळखी उपकरणावरून प्रवेश झाला. तशी सूचना आपल्याच ई-मेलने आली, तिची प्रत जोडली आहे. त्यानंतर दोन जाहिराती चालल्या, त्या आमच्या नाहीत. दि. २० रोजी सकाळी खाते बंद झाल्याची नोटीस आली व पेज दिसेनासे झाले. सायबर पोलिसांकडे केलेल्या तक्रारीची पोच, दुकानाचे उद्यम प्रमाणपत्र आणि पुतण्याचे ओळखपत्र सोबत आहे. ई-मेलचा पासवर्ड बदलला आहे. विनंती एवढीच, की खात्याचा फेरतपास करून पेज सुरू करावे. खाते देणे शक्य नसेल तर पेजचा ताबा माझ्या खात्याकडे द्यावा. ईदच्या शिलाईची नोंदणी १३ मार्चला बंद होते, त्यापूर्वी निर्णय कळवावा.”

सणाचा उल्लेख आता शेवटच्या एका वाक्यात आहे, आणि तोही तारखेच्या रूपाने. तपासणारा माणूस कोठे बसला आहे कोण जाणे. शाबान आणि बारावा रोजा त्याला कळतीलच असे नाही, १३ मार्च कळते. अनोळखी उपकरणाच्या सूचनेची प्रत हा तर या पत्राचा कणा आहे, कारण ती गोष्ट कंपनीला स्वतःच्या नोंदीत पडताळून पाहता येते. सायबर तक्रारीची पोच cybercrime.gov.in वर मिळते. जाहिरातींसाठी बँकेच्या कार्डातून पैसे कापले गेले असतील, तर १९३० या क्रमांकावर लगेच फोन करावा. ओळखपत्र म्हणून आधार देताना शेवटचे चारच आकडे दिसणारी प्रत द्यावी.

हे पत्र दोन दारांवर गेले. एक, खात्याच्या नोटिशीतच दिलेल्या फेरतपासणीच्या अर्जातून, आणि दुसरे, कंपनीच्या भारतातील तक्रार निवारण अधिकाऱ्याकडे. हा अधिकारी नेमणे २०२१ च्या माहिती तंत्रज्ञान नियमांनी बंधनकारक आहे. त्याने २४ तासांत पोच द्यायची आणि ठराविक मुदतीत निकाल द्यायचा असतो. नियम आले तेव्हा ही मुदत १५ दिवसांची होती. अर्ज करतेवेळी चालू मुदत पाहून घ्यावी. निकाल मान्य नसेल तर ३० दिवसांच्या आत gac.gov.in वर सरकारी अपील समितीकडे जाता येते. पण हा रस्ता लांबचा आहे. सणाला पंधरा दिवस उरले असतील, तर अपिलाच्या भरवशावर कापड घेऊन ठेवू नये.

पोच दुसऱ्या दिवशी आली. ३ मार्चला एक प्रश्न आला: पेजवर दुकानाचे नाव, प्रमाणपत्रावर मात्र मालकाचेच नाव, दोन्हींचा संबंध काय? मास्टरांनी त्याच दिवशी दुकानाच्या नावाची गुमास्ता पावती आणि पाटीचा फोटो पाठवला. ७ मार्चला, सहाव्या रोजाला, खाते आणि पेज दोन्ही परत आले.

मधल्या काळात मदतीच्या नावाखाली दोन जणांचे फोन आले. एकाने पाच हजार रुपये मागितले, दुसऱ्याने फक्त ओटीपी. पुतण्या म्हणाला, “चाचा, हा कंपनीचाच माणूस दिसतोय.” मास्टर म्हणाले, “बाळा, परवाचाही कंपनीचाच होता.”

मास्टरांचे खरे रक्षण केले ते मापांच्या वहीने. गेल्या तीन ईदींच्या पावत्या आणि फोन नंबर त्यांनी वहीत ठेवले होते. पेज बंद असताना त्यांनी रोज तरावीहनंतर तास-दीड तास फोन केले. दोनशेच्या जागी दीडशेच्या आसपास जोड शिवून झाले. पेजवर आता मास्टर स्वतः आणि त्यांचा मुलगा असे आणखी दोन व्यवस्थापक नेमले आहेत, आणि पेजवर आलेला प्रत्येक नंबर दर गुरुवारी वहीत उतरवला जातो.