डाग काढायचा, ठिपका ठेवायचा

रविवर्मा प्रेसचं एखादं जुनं देवीचं चित्र भिंगाखाली धरलं, की गालावरचा गुलाबी रंग सलग दिसत नाही. दिसतात हजारो बारीक ठिपके. 1894 साली मुंबईत सुरू झालेला हा छापखाना पुढे लोणावळ्याजवळ मळवलीला गेला. तिथली चित्रं शिळाछापाची: प्रत्येक रंगाला वेगळा दगड, आणि छटा फिकट-गडद करायच्या त्या ठिपक्यांची दाटी कमी-जास्त करून. अशा चित्रावर शंभर पावसाळ्यांत बुरशीचेही तपकिरी ठिपके पडतात, आणि पंचाईत इथूनच सुरू होते.

स्कॅन केल्यावर बहुतेक जण धूळ-ओरखडे काढणारं तयार फिल्टर चालवतात. हे फिल्टर शेजारच्या पिक्सेलांहून वेगळं दिसणारं बारीक काहीही पुसतं. इंचाला 600 पिक्सेल घेतले तर मिलिमीटरच्या पाचव्या भागाएवढा शाईचा ठिपका जेमतेम पाच पिक्सेल भरतो, तर दोन मिलिमीटरचा बुरशीचा डाग पन्नासेक पिक्सेल. म्हणजे डाग जाण्याआधी चित्रच जातं. गाल मेणासारखे गुळगुळीत झाले की समजावं, दगडावर बसून कुणीतरी एकेक करून काढलेले ठिपके गेले.

खरं तर बहुतेक डागांखाली चित्र शाबूत असतं. डाग म्हणजे कागदावर ठेवलेली तपकिरी काच. ती निळा प्रकाश भरपूर शोषते, लाल फारच थोडा. म्हणून स्कॅनचे लाल, हिरवा, निळा असे चॅनेल सुटे करून पाहावेत: निळ्यात डाग गडद दिसतो, लालमध्ये जवळपास नाहीसा होतो. चित्र एकाच काळ्या शाईचं असेल, तर नुसता लाल चॅनेल ठेवून बरंचसं काम होतं.

रंगीत चित्रात मात्र हिशेब करावा लागतो. समजा, निळ्या चॅनेलमध्ये स्वच्छ कागदाचा आकडा 186 आहे आणि डागातल्या कोऱ्या कागदाचा 132. म्हणजे डागाने आकडा 0.71 पट केला. डागापुरता भाग निवडून, कडा मऊ ठेवून, तिथल्या प्रत्येक पिक्सेलच्या निळ्या आकड्याला 0.71 ने भागायचं, बाकी चॅनेलना त्यांच्या-त्यांच्या प्रमाणाने. कागद 186 वर येतो आणि डागात बुडालेला 60 आकड्याचा शाईचा ठिपका 85 वर. शेजारच्या निरोगी ठिपक्याचा आकडा त्याच्या आसपास असेल तर हिशेब बरोबर. इथे काहीही पुसलेलं नाही, फक्त काच काढली आहे. पाण्याच्या डागालाही हाच उपाय. पाणी कागदातली मळकट द्रव्यं वाहून नेऊन ओल संपते त्या कडेला सोडतं, म्हणून तपकिरी रेघ कडेला उमटते. तिचा पट्टा आतल्या भागापासून वेगळा निवडावा, कारण दोन्हींचं प्रमाण सारखं नसतं.

सगळ्यात अवघड पिवळी शाई. तीही निळाच प्रकाश शोषते, त्यामुळे अंगकांतीतला पिवळा ठिपका आणि बुरशी चॅनेलमध्ये सारखीच दिसतात. मला यावर सर्वात भरवशाचा वाटतो तो कागदाचा मागचा भाग. तोही स्कॅन करावा, आरशासारखा उलटवून चित्रावर जुळवावा. बुरशी आणि पाणी बहुधा कागदात मुरून पलीकडे उमटतात, छापाची शाई सहसा नाही. मागे काहीच दिसत नसेल, तर त्या ठिपक्याला हात लावण्याआधी पुन्हा विचार करावा.

घडीचं वेगळं. तिच्यात निम्मी नुसती सावली असते, कारण स्कॅनरचा दिवा एका बाजूने उजेड टाकतो. कागद अर्धा फिरवून दुसरा स्कॅन घ्यावा. उजळ आणि काळी बाजू बदलतात, आणि दोन्ही स्कॅन जुळवून सरासरी काढली की उंचवट्याची सावली बरीच विरते. उरते ती शाई उडालेली पांढरी रेघ. तिथे माहितीच नाही. पदराच्या किंवा आकाशाच्या सलग छटेत शेजारचे तेवढ्याच दाटीचे ठिपके लहान ब्रशने आणून बसवता येतात. डोळा, ओठ, बोटं यांवरून रेघ गेली असेल, तर त्याच चित्राची दुसरी प्रत शोधावी. छापील चित्राची ती सोय असते. मात्र रंगांचे दगड प्रत्येक प्रतीत केसभर इकडेतिकडे बसलेले असतात, म्हणून तुकडा काळ्या रेषेला जुळवून भागत नाही, गुलाबी आणि निळा रंगही तपासावा लागतो. दुसरी प्रत मिळाली नाही, तर चेहऱ्यावरची रेघ कागदाच्या रंगाची करून तशीच ठेवावी. ओठाची कड मनाने काढू नये.

शेवटी मूळ स्कॅनला दुरुस्त प्रतीने भागून पाहावं. वजाबाकी इथे फसवते: 132 आणि 60 वेगवेगळ्या अंतराने वाढले आहेत, त्यामुळे काम चोख असूनही ठिपके दिसतात. भागाकारात दोन्हींचं उत्तर 0.71 च्या जवळ येतं, म्हणून नुसते गुळगुळीत डाग उरायला हवेत. भरून काढलेल्या रेघेबाहेर कुठे भुवईची कड किंवा ठिपक्यांची रांग उमटली, तर तेवढा भाग मूळ स्कॅनवरून परत घ्यावा.