μ आणि x̄ची गल्लत

गोदामात हजारो आंबे आहेत. त्यांचे खरे सरासरी वजन एकच, ठरलेले, पण कुणालाच ठाऊक नसलेले. ते μ, म्हणजे समष्टीचे प्राचल. त्यातले पाच तोलले: २४८, २५०, २५२, २४९, २५१ ग्रॅम. सरासरी २५० आली. ही x̄. दुसरे पाच उचलले तर x̄ बदलेल, μ जागचा हलणार नाही. म्हणून ‘μ = २५०’ लिहिणे चूकच; २५० हा μचा फक्त अंदाज.

ग्रीक अक्षरे समष्टीला, लॅटिन नमुन्याला, हा पाठ्यपुस्तकांचा रिवाज. तसेच प्रमाण विचलन σ आणि s. पण रिवाज पुरता पाळला जात नाही: समष्टीतले प्रमाण बरीच पुस्तके लॅटिन p नेच दाखवतात आणि नमुन्यातल्याला टोपी घालतात, p̂. काही मात्र π वापरतात, तिथे ३.१४ शोधू नये.