बुटांचा वास : खरा दोष घामाचा नव्हे, ओलाव्याचा

पावसाळा लागला की मिरजेच्या वस्त्यांतून एक तक्रार हमखास कानी येते. बूट धुतला, उन्हात ठेवला, पावडर टाकली, तरी दोन दिवसांत वास परत आला! पोलीस भरतीसाठी पहाटे 1600 मीटर धावण्याचा सराव करणारी मुले, रेल्वेच्या रुळांवर दिवसभर जाड बुटांत राबणारे कामगार, शाळेच्या कबड्डी संघातील मुली, अशा सर्वांच्या घरी हा प्रश्न आहे. बहुतेकांकडे बुटांचा एकच जोड असतो. वास येतो म्हणून तो टाकून द्यायचा तर नव्यासाठी पगारातून पैसे काढावे लागतात. आणि तरणा मुलगा विहाराच्या नाहीतर मित्राच्या दारात बूट काढायला लाजू लागतो. म्हणून आज आम्ही हा विषय घेतला आहे.

वास येतो कुठून?

ताज्या घामाला जवळजवळ वास नसतो. दोन्ही पावलांवर मिळून सुमारे अडीच लाख घामाच्या ग्रंथी आहेत. त्यांचा घाम बंद बुटात साठतो. प्रत्येकाच्या कातडीवर राहणारे जिवाणू या ओलाव्यात भराभर वाढतात. घामातील आणि मेलेल्या कातडीतील घटक ते फोडतात. त्यातून आयसोव्हॅलेरिक आम्ल नावाचा पदार्थ तयार होतो. बुटाचा तो आंबूस, कुबट वास मुख्यतः याचाच. तेव्हा मुलाच्या अंगातच दोष आहे असे समजून त्याला बोल लावू नये. हे जिवाणू सर्वांच्याच पायांवर असतात. ज्याचा बूट ओला राहतो त्याच्याकडे ते जास्त वाढतात, एवढेच.

यावरून उपायांचा क्रम ठरतो. आधी मळ काढायचा, मग बूट पुरता वाळवायचा, मग जिवाणू मारायचे आणि शेवटी उरलेला वास शोषून घ्यायचा. लोक नेमके उलटे करतात. ओल्या बुटात पावडर किंवा अत्तर टाकतात. त्याने वास झाकतो, पावडरीचा चिखल होतो आणि जिवाणू आत सुखाने राहतात.

एका जोडाचे उदाहरण

समजा, मुलगा शनिवारी सकाळी पळून आला आणि बूट पुन्हा सोमवारी पहाटे लागणार आहेत. घरी आल्याबरोबर नाड्या आणि आतला सोल बाहेर काढावा. हा सोल स्पंजासारखा असतो. सर्वांत जास्त घाम तोच पितो, आणि तो आत ठेवून बूट कधीच नीट वाळत नाही. कोमट पाण्यात कपडे धुण्याची पावडर घालून जुन्या दातघासणीच्या ब्रशने सोल आणि बुटाची आतली बाजू घासावी. बोटांच्या टोकाकडचा भाग विसरू नये. फेस पूर्ण जाईपर्यंत खळबळावे. कातड्याचा बूट मात्र पाण्यात बुडवू नये. त्याची आतली बाजू ओल्या फडक्याने पुसावी.

आता वाळवणे. बुटाची जीभ बाहेर ओढून वर्तमानपत्राचे बोळे टोकापर्यंत दाबून भरावेत. तासाभराने ते ओले होतात, तेव्हा बदलावेत. असे तीन-चार वेळा केले की आतले बरेचसे पाणी कागदात येते. मग बूट तिरपे टेकवून पंख्यासमोर किंवा वाऱ्याच्या खिडकीत ठेवावेत. चुलीजवळ किंवा गॅसवर बूट शेकू नयेत. तळव्याचा गोंद सुटतो आणि कातडे तडकते.

बूट वरून कोरडा दिसतो, पण टोकात ओल असते. तिथेच फसगत होते. ओळखायचे असे : कोरड्या कागदाचा बोळा टोकात घालून अर्ध्या तासाने काढावा. तो मऊ, गार लागला तर बूट अजून ओला आहे. पावसाळ्यात यासाठी एक पूर्ण दिवस सहज लागतो.

रविवारी दुपारी बूट कोरडा झाला की औषध दुकानात मिळणारे सर्जिकल स्पिरिट कापसाला लावून आतली बाजू आणि सोलाच्या दोन्ही बाजू पुसाव्यात. बूट ओला असेल तर स्पिरिट पाण्याने पातळ होते आणि काम करत नाही. स्पिरिट पेट घेते, म्हणून हे काम चूल, गॅस, उदबत्ती यांपासून लांब करावे आणि बूट तासभर उघड्यावर ठेवावा. कातड्याच्या बाहेरच्या बाजूला ते लावू नये, रंग निघतो.

रात्री प्रत्येक बुटात दोन चहाचे चमचे खाण्याचा सोडा टाकावा आणि पहाटे झटकून काढावा. वासाचा मूळ पदार्थ आम्ल असल्याने सोडा त्याला शमवतो. मात्र सोडा जिवाणू मारत नाही. म्हणून नुसत्या सोड्याने वास चार दिवसांत परततो. कातड्याच्या बुटात सोडा जुन्या मोज्यात बांधून ठेवावा, नाहीतर पांढरे डाग पडतात. सोडा आणि व्हिनेगर एकत्र वापरू नये. दोघे एकमेकांना निकामी करतात. चुलीतला साधा कोळसा फार थोडा वास शोषतो.

एवढे करूनही वास राहिला तर सोल आणि बूट वेगवेगळे हुंगून पाहावेत. बऱ्याच वेळा दोष एकट्या सोलाचा निघतो. तो नवा घ्यावा, पूर्ण जोड बदलायची गरज नाही. ज्यांच्याकडे एकच जोड आहे त्यांनी सोलाचे दोन जोड ठेवून ते आलटून पालटून वापरावेत.

उन्हाचे काय?

ऊन वाळवते, म्हणून उपयोगी आहे. पण बुटाच्या टोकात ते पोचत नाही. जिवाणू झटपट मारणारे अतिनील किरण सूर्यात असतात, परंतु ते वातावरणातच अडतात. शिव नाडर विद्यापीठातील विकास कुमार आणि सार्थक मित्तल यांनी असे किरण देणारा दिवा बसवलेले चपलांचे कपाट तयार केले. त्या कामाला 2025 साली इग नोबेल, म्हणजे आधी हसवून मग विचार करायला लावणाऱ्या संशोधनाचा पुरस्कार मिळाला. दोन-तीन मिनिटांचा प्रकाश पुरला; जास्त वेळ ठेवल्यावर रबर जळल्याचा वास येऊ लागला, असे त्यांना आढळले. हे किरण डोळ्यांना आणि कातडीला घातक असतात. म्हणून असा उघडा दिवा घरात लावू नये.

जर्सी आणि नी-कॅप

खेळून आल्यावर जर्सी, मोजे, नी-कॅप प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळून ठेवणे ही सर्वांत वाईट सवय. सुती कापडापेक्षा पॉलिस्टरच्या जर्सीत वास जास्त धरतो. कपडे उलटे करून, अर्ध्या बादलीत दोन मोठे चमचे खाण्याचा सोडा घालून अर्धा तास भिजवावेत, मग पावडरीने धुवावेत. कपडे मऊ करणारे द्रव टाकू नयेत. त्यांचा थर धाग्यावर बसतो आणि मळ नीट निघत नाही. नी-कॅप पिळू नये. टॉवेलात दाबून पाणी काढावे आणि सावलीत आडवी वाळवावी.

पाय विसरू नका

बूट स्वच्छ आणि पाय तसाच, तर सारे श्रम वाया. रोज साबणाने बोटांच्या बेचक्यांतून पाय धुवावेत आणि बेचके कोरडे पुसल्यावरच धुतलेले मोजे घालावेत. तळव्यावर टोचल्यासारखे बारीक खड्डे दिसत असतील, कातडी पांढरी पडून सोलत असेल किंवा खाज असेल तर तो जिवाणूंचा अथवा बुरशीचा संसर्ग असू शकतो. तिथे घरगुती उपाय थांबवावेत. मिरजेतल्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात जाऊन त्वचेच्या डॉक्टरांना पाय दाखवावेत. खड्डे जिवाणूंचे असतील तर लावायच्या औषधाने ते साधारणतः काही आठवड्यांत भरून येतात आणि त्यांच्याबरोबर वासही जातो. मधुमेह असलेल्यांनी पायाला भेग किंवा जखम दिसताच एक दिवसही थांबू नये.